एकाच भेटीत टीडी आणि अकॅथिशिया: तपासायचं कसं, गुण द्यायचे कसे, लिहायचं काय

वर्षानुवर्षं अँटीसायकोटिक घेणाऱ्या रुग्णाच्या फाइलमध्ये 'ईपीएस नाही', म्हणजे औषधाने होणारे हालचालींचे दुष्परिणाम नाहीत, एवढंच लिहिलेलं असतं. पुढच्या पानावर आपोआप होणाऱ्या हालचाली मोजणाऱ्या स्केलचा आकडा, 'एम्स ६'. हा सहा कशाचा, जिभेचा की बोटांचा, हे त्या पानावरून कुणालाच कळत नाही. सहा महिन्यांनी दुसरा डॉक्टर तपासतो, त्याला आठ मिळतात, आणि आजार वाढला की तपासणारा बदलला यावर वाद होतो.

हा लेख मानसोपचार विभागात नव्याने रुजू झालेल्या निवासी डॉक्टरांसाठी आणि परिचारिकांसाठी आहे. टार्डिव्ह डिस्कायनेशिया, म्हणजे टीडी, हा दीर्घकाळच्या औषधाने तोंड, हात, पाय आपोआप हलण्याचा त्रास, आणि अकॅथिशिया ही एका जागी स्थिर राहू न देणारी तगमग. या दोन्हींची तपासणी साधारण पंधरा मिनिटांत एकाच ओघात कशी करता येते, ते इथे सांगितलं आहे. दोन्हींचा सगळ्यात मोठा घोळ पायांपाशी होतो, म्हणून त्या भागावर जास्त वेळ घालवला आहे.

हाताशी काय हवं

- हात नसलेली, कडक बैठकीची खुर्ची. सोफा किंवा चाकांची खुर्ची चालत नाही. हातांची खुर्ची असली की रुग्ण दांडे धरून बसतो आणि हातांच्या हालचाली दबतात.
- सेकंदकाटा दिसेल असं घड्याळ.
- दोन छापील फॉर्म: टीडीसाठी अॅब्नॉर्मल इनव्हॉलंटरी मूव्हमेंट स्केल, ज्याला तोंडी सगळे 'एम्स' म्हणतात, आणि अकॅथिशियासाठी बार्न्स अकॅथिशिया रेटिंग स्केल.
- औषधांची पूर्ण यादी: कोणतं, किती, कधीपासून, मागच्या तीन महिन्यांत काय बदललं. डेपो, म्हणजे आठवडेच्या आठवडे हळूहळू काम करणारं, इंजेक्शन असेल तर शेवटच्या इंजेक्शनची तारीख. मळमळीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, पोटासाठीचं लेवोसल्पिराइड हेसुद्धा यादीत यायला हवं. तीही डोपामिन अडवणारी औषधं आहेत आणि मनोरुग्णाच्या यादीतून हमखास सुटतात.
- मागच्या वेळचा फॉर्म. मात्र तो तपासणी संपेपर्यंत पालथा ठेवा. आधीचे आकडे डोळ्यांसमोर असले की नवे आकडे त्यांच्याकडे ओढले जातात.

१. रुग्णाला कळायच्या आत बघायला लागा

तपासणी बाहेरच्या बाकावरच सुरू होते. तो बसलाय की येरझाऱ्या घालतोय, ओठ चघळल्यासारखे हलतायत का, बूट जमिनीवर आपटतोय का, हे त्याला ठाऊक नसताना बघा. टीडीच्या हालचाली लक्ष दुसरीकडे असताना वाढतात आणि 'बघतायत' हे कळलं की थोडा वेळ दबतात. झोपेत त्या थांबतात, त्यामुळे वॉर्डात रुग्ण झोपलेला असताना केलेल्या निरीक्षणाचा उपयोग फक्त 'झोपेत नाही' एवढं लिहिण्यापुरता.

आत आल्यावर खुर्चीवर बसवा आणि दोन मिनिटं साध्या गप्पा मारा. प्रवास, जेवण, घरी कोण कोण असतं. आजाराबद्दल काही नको. ही दोन मिनिटं वाया जात नाहीत. बार्न्स स्केलला बसलेल्या स्थितीत किमान दोन मिनिटांचं निरीक्षण लागतंच, ते इथेच पूर्ण होतं. 'पाय हलतात का?' हा प्रश्न आधी विचारलात तर रुग्ण पाय आवळून बसतो आणि निरीक्षण हातचं जातं. त्यामुळे बघून झाल्याशिवाय हा प्रश्न नको.

या दोन मिनिटांत घड्याळाकडे एक डोळा ठेवा. पायांची अस्वस्थ हालचाल किती सेकंद चालली, याचा अंदाज लागेल. पुढे गुण देताना 'अर्ध्याहून कमी की जास्त' हाच प्रश्न येणार आहे.

२. तोंडात काय आहे ते विचारा

तोंडात गोळी, सुपारी, च्युइंगगम काही आहे का? असेल तर काढायला सांगा. मग दात. सध्या दुखतायत का, कवळी आहे का, सैल आहे का, नेहमी घालतो का? फॉर्मवरच्या शेवटच्या दोन नोंदी दातांच्याच आहेत आणि त्या उगाच नाहीत. दात नसलेला किंवा सैल कवळीचा माणूस जिभेने कवळी सावरत राहतो, हिरड्या चघळतो, आणि नवशिक्याला ते टीडी वाटतं. कवळी असेल तर आधी कवळीसकट बघा, मग काढून बघा, आणि दोन्ही वेळा काय दिसलं ते लिहा. कवळीचा खेळ असेल तर जीभ सहसा तोंडाच्या आतच राहते. पण तेवढ्यावरून टीडी नाही असं ठरवू नका. दोन्ही एकाच रुग्णात असू शकतात.

आता विचारा: "तोंड, चेहरा, हात, पाय आपोआप हलतात असं तुम्हाला जाणवतं का? त्याचा त्रास होतो का? कामात अडथळा येतो का?" उत्तर रुग्णाच्याच शब्दांत टिपा. जाणिवेचा गुण फक्त त्याच्या सांगण्यावरून द्यायचा असतो. मुलगी म्हणते 'आईची जीभ सारखी बाहेर येते' आणि आई म्हणते 'छे, काही नाही', तर जाणीव शून्य. मुलीचं बोलणं वेगळ्या ओळीत.

३. खुर्चीवरची तपासणी

क्रम ठरलेला आहे, तो बदलू नका.

हात गुडघ्यांवर, पाय थोडे फाकलेले, तळवे जमिनीला टेकलेले. काही न बोलता पूर्ण शरीर बघा. चेहऱ्यापासून पायापर्यंत एकदा, मग पायापासून वर एकदा.

हात आधाराशिवाय खाली लोंबकळू द्या, पायांच्या मधे किंवा गुडघ्यांवरून. बोटांची पियानो वाजवल्यासारखी हालचाल इथे दिसते.

तोंड उघडायला सांगा आणि जीभ आत असतानाच तिच्याकडे बघा. हे दोनदा. जिभेवर सापासारखी वळवळ असेल तर ती याच वेळी दिसते.

मग जीभ बाहेर काढायला सांगा, हेही दोनदा. बाहेर ठेवताना जीभ थोडी थरथरणं बहुतेकांत असतं. आत असतानाची वळवळ जास्त महत्त्वाची.

आता अंगठ्याने त्याच हाताच्या प्रत्येक बोटाला पटापट टेकवायला सांगा, दहा ते पंधरा सेकंद, आधी उजव्या मग डाव्या हाताने. इथे नवशिका हमखास हाताकडे बघतो. हाताकडे नका बघू, चेहरा आणि पाय बघा. हात कामाला लावायचे ते रुग्णाचं लक्ष गुंतवण्यासाठी. ते गुंतलं की तोंडातली दबलेली हालचाल उसळून येते. बऱ्याच सौम्य केसेस याच पंधरा सेकंदांत पकडल्या जातात.

मग एकेक हात कोपरात वाकवून सरळ करा. ताठरपणा किंवा दातेरी चाकासारखे झटके लागले तर ते लिहा, पण एम्सच्या गुणांत घेऊ नका. ते पार्किन्सनिझम, त्यासाठी सिम्पसन-अँगस सारखं वेगळं स्केल आहे. हातांचा थरकापही एम्समध्ये धरायचा नसतो. लयबद्ध कंप दिसला आणि तरी वरच्या अवयवांना तीन गुण दिले, ही नेहमीची चूक आहे.

४. उभं करून

उभं राहायला सांगा. बाजूने बघा, कमरेची हालचाल दिसते का. दोन्ही हात समोर, तळवे खाली. आता परत धड, पाय आणि तोंड.

हात खाली सोडायला सांगा आणि उभ्याउभ्याच आणखी दोन मिनिटं गप्पा मारा. बार्न्सला उभ्या स्थितीतलीही किमान दोन मिनिटं लागतात. बहुतेक ठिकाणी हाच टप्पा गाळला जातो, कारण उभं राहून गप्पा मारणं अवघडल्यासारखं वाटतं. पण अकॅथिशिया उभं राहिल्यावरच उघडा पडतो. या पायावरून त्या पायावर भार टाकणं, जागच्या जागी चालणं, टाच उचलत राहणं, हे बसल्यावर दिसतंच असं नाही.

शेवटी काही पावलं चालवा, वळवा, परत आणा. हे दोनदा. चालताना हातांची बोटं बघा, टीडीच्या हालचाली चालताना हातांत उमटतात.

५. आतली तगमग विचारायची कशी

अकॅथिशिया अर्धा बाहेर दिसतो, अर्धा आत असतो. 'बेचैन वाटतं का?' या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक रुग्ण 'हो' म्हणतो, मग ते नैराश्य असो, चिंता असो की भुकेची वेळ. प्रश्न पायांवर आणा.

"एका जागी उभं राहायला लागलं, रांगेत वगैरे, तर काय होतं?" "बसलं की पाय हलवल्याशिवाय राहवत नाही असं होतं का?" "चाललं की बरं वाटतं का?" "हे औषध वाढवल्यापासून सुरू झालं की आधीपासून आहे?"

अकॅथिशियाचा रुग्ण बहुतेकदा नेमकं बोलतो: "बसवत नाही", "पायात काहीतरी शिरलंय", "जीव कासावीस होतो, चाललं की तेवढं हलकं वाटतं". सक्तीने उभं राहिल्यावर वाढणारी आणि चालल्यावर कमी होणारी तगमग, या दोन खुणा मिळाल्या की चिंतेपासून ती वेगळी करता येते. त्रास रात्री आडवं झाल्यावरच होतो, दिवसभर काही नाही, असं असेल तर रेस्टलेस लेग्ज या वेगळ्या त्रासाचा विचार करा.

त्याच बैठकीत आणखी एक प्रश्न टाळू नका: "या त्रासाने जगणं नको वाटतं का?" तीव्र अकॅथिशियात आत्महत्येचे विचार येऊ शकतात, आणि रुग्ण ते आपणहून पायांच्या तक्रारीशी जोडून सांगत नाही.

६. गुण

एम्समध्ये सात शरीरभागांना प्रत्येकी शून्य ते चार गुण. चेहऱ्याचे स्नायू, ओठ व भोवतालचा भाग, जबडा, जीभ, हात, पाय, धड. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे अगदी किंचित किंवा सामान्याची वरची हद्द, दोन सौम्य, तीन मध्यम, चार तीव्र. सातांची बेरीज २८ पर्यंत जाते. त्यानंतरचे एकूण तीव्रता, अडथळा आणि जाणीव हे तीन गुण बेरजेत धरायचे नाहीत.

एका नियमावरून गोंधळ होतो. १९७६ च्या मूळ सूचनांनुसार, हालचाल आपोआप न दिसता फक्त एखादी कृती करायला सांगितल्यावर दिसली, तर तिला एक गुण कमी द्यायचा. अनेक विभाग हा नियम पाळत नाहीत. दोन्हींत बरोबर-चूक शोधू नका. तुमच्या विभागाने एक ठरवावं आणि फॉर्मच्या डोक्यावर 'कृतीने आल्यास एक वजा: हो/नाही' असं छापून टाकावं. हे नसेल तर दोन डॉक्टरांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.

बार्न्समध्ये तीन गोष्टी शून्य ते तीन मोजल्या जातात. दिसणारी हालचाल: अस्वस्थ हालचाली निरीक्षणाच्या अर्ध्याहून कमी वेळ असतील तर एक, निदान अर्धा वेळ तर दोन, सतत असतील किंवा चालल्याशिवाय बसणं-उभं राहणंच जमत नसेल तर तीन. रुग्णाची जाणीव: नुसती मोघम बेचैनी एक, पाय स्थिर ठेवता येत नाहीत किंवा उभं राहिल्यावर तगमग वाढते हे सांगितलं तर दोन, बहुतेक वेळ हलण्याची वा चालण्याची तीव्र ओढ तीन. तिसरा गुण त्रासाचा. शेवटी शून्य ते पाच असा एकूण गुण. हालचाल दिसते पण रुग्णाला आत काहीच जाणवत नाही, असं असेल तर एकूण गुण शून्य राहतो आणि 'सूडोअकॅथिशिया' असं शब्दांत लिहायचं.

७. पायांचा गुंता

एम्सच्या पायांच्या भागात गुडघे आत-बाहेर होणं, पाऊल आपटणं, टाच पडणं, पाऊल आत-बाहेर वळणं या हालचाली येतात. बार्न्समध्ये पाय घासणं, एक पाय झुलवणं, भार बदलणं. म्हणजे बसल्याबसल्या पाऊल आपटणारा रुग्ण दोन्ही फॉर्मवर गुण मिळवू शकतो, आणि एकाच लक्षणाची दोनदा मोजणी होऊन टीडीची बेरीज फुगते.

वेगळं काढायला तीन गोष्टी बघा.

पहिली, हालचालीचा घाट. अकॅथिशियाची हालचाल ओळखीची असते: पाय हलवणं, घासणं, चुळबुळणं, चालणं. तुम्ही-आम्ही कंटाळल्यावर करू तशीच, फक्त थांबत नाही. टीडीची हालचाल अनियमित आणि निरुद्देश दिसते. पायाची बोटं वळवळतात, पाऊल मुरगळल्यासारखं होतं, आणि रुग्णाचं त्याकडे लक्षही नसतं.

दुसरी, थांबवायला सांगा: "तीस सेकंद पाय अगदी स्थिर ठेवा." दोन्ही प्रकारचे रुग्ण थोडा वेळ थांबवू शकतात, म्हणून थांबला की नाही यावरून निदान करू नका. थांबल्यावर आत काय झालं ते विचारा. "आतून फुटायला लागलं" असं उत्तर आलं, तर अकॅथिशिया. "काही नाही, का?" तर टीडीकडे झुका.

तिसरी, बाकीचं शरीर. तोंड-जीभ शांत आणि फक्त पाय हलतायत, तर टीडी म्हणण्याआधी दोनदा विचार करा. तोंड हलतंय आणि पायही, तर दोन्ही असण्याची शक्यता धरूनच चला. दीर्घ उपचारातल्या रुग्णात ते एकत्र येतात, आणि अकॅथिशियाचाही उशिरा येणारा, औषध कमी केल्यावर वाढणारा प्रकार असतो.

ठरलं नाही तर हालचाल एका फॉर्मवर मोजा आणि दुसऱ्यावर शून्यापुढे 'बार्न्समध्ये मोजली' असं लिहा. दोन्हीकडे अर्धे-अर्धे गुण देणं सगळ्यात वाईट.

८. एक केस, आकड्यांसह

समजा, ५८ वर्षांची स्त्री आहे, २२ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट दर चार आठवड्यांनी, ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दोन इंजेक्शनांपूर्वी, 'घरभर फिरते, ऐकत नाही' या तक्रारीवरून डोस ७५ वरून १०० मिलिग्रॅम केला. आज शेवटच्या इंजेक्शनचा नववा दिवस. वरची कवळी सैल. मागच्या फॉर्मवर नुसतं 'एम्स ४'.

बसून दोन मिनिटांत साधारण ७० सेकंद पाय घासणं आणि पायावर पाय टाकून काढणं. उभं राहून दोन मिनिटांत साधारण ९० सेकंद या पायावरून त्या पायावर. २४० पैकी १६० सेकंद, म्हणजे अर्ध्याहून जास्त पण सतत नाही. दिसणारी हालचाल दोन. ती म्हणते, "देवापुढेसुद्धा उभं राहवत नाही, चालायला लागलं की बरं वाटतं." जाणीव दोन. त्रासाबद्दल "रडू येतं कधी कधी" असं सांगते, पण झोप लागते आणि मरणाचे विचार नाहीत. त्रास दोन. चालत राहण्याची ओढ सक्तीची नाही, म्हणून एकूण चारपर्यंत न नेता तीन, म्हणजे मध्यम.

तोंड: शांत बसलेली असताना एका मिनिटात जीभ ११ वेळा ओठांबाहेर, कवळी काढल्यावरही तशीच. जीभ तीन. ओठ पुढे काढणं आणि आवळणं सौम्य, दोन. जबडा बाजूला सरकणं, दोन. चेहरा शून्य. बोटांची हालचाल फक्त चालताना, सौम्य. विभाग एक वजा करतो म्हणून एक. पाय: पावलाची मुरगळ नाही, जे आहे ते वर मोजलेलं, म्हणून शून्य. धड शून्य. बेरीज आठ. पाय इथेही तीन धरले असते तर अकरा झाले असते, आणि पुढच्या महिन्यात डोस कमी होऊन अकॅथिशिया उतरला की 'टीडी सुधारला' असं खोटं चित्र उभं राहिलं असतं.

निदानासाठी १९८२ चे शूलर आणि केन यांचे निकष बघा: एकूण किमान तीन महिने औषध, एका भागात मध्यम किंवा दोन भागांत सौम्य हालचाल, आणि दुसरं कारण नाही. इथे जीभ एकटीच पुरेशी आहे. तरी एका तपासणीवर 'संभाव्य टीडी' एवढंच लिहायचं. 'टिकाऊ' म्हणायला तीन महिन्यांनी पुन्हा दिसावं लागतं.

आता फाइल मागे वाचा. 'घरभर फिरते' हे मानसिक आजाराचं वाढणं होतं की त्याच वेळी अकॅथिशिया होता? तसं असेल तर वाढवलेल्या डोसने तो वाढवला. उलट्या बाजूने, वाढवलेला डोस टीडीच्या हालचाली काही काळ झाकतो. म्हणजे जिभेचे दिसणारे तीन गुण कदाचित झाकलेलेच आहेत, आणि डोस कमी केल्यावर ते आधी वाढतील. हे घरच्यांना आधी सांगायला हवं, नाहीतर ते पहिल्याच महिन्यात औषध परत वाढवून मागतात. ट्रायहेक्सिफेनिडिल पार्किन्सनिझमला उपयोगी असलं तरी टीडीच्या हालचाली वाढवू शकतं. ते का चालू आहे, हा प्रश्न वरिष्ठांपुढे ठेवा, पण आपल्याच हाताने एकदम बंद करू नका. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएटचं अर्धायुष्य तीन आठवड्यांच्या आसपास असल्याने डोस कमी केला तरी अकॅथिशिया पुढच्या आठवड्यात उतरणार नाही. म्हणून मधल्या काळातल्या आरामासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखा पर्याय वरिष्ठांशी बोलून ठरवावा, दमा आणि मंद नाडी आहे का हे आधी बघून.

९. नोंद अशी लिहा

आकड्यांच्या आधी शब्द. वर्णन वाचून दुसऱ्या माणसाला ती हालचाल डोळ्यांपुढे आली पाहिजे. याच केसची नोंद:

"सकाळी ११ वाजता, हात नसलेल्या खुर्चीवर. हॅलोपेरिडॉल डेकॅनोएट १०० मिलिग्रॅम, नववा दिवस, ७५ वरून दोन इंजेक्शनांपूर्वी वाढ. ट्रायहेक्सिफेनिडिल सकाळी ८ ला घेतली. शामक नाही. वरची कवळी सैल. कवळीशिवायही हालचाल तशीच. एम्स, कृतीने आल्यास एक वजा: चेहरा ०, ओठ २, जबडा २, जीभ ३ (मिनिटाला ११ वेळा बाहेर), हात १ (चालताना), पाय ० (बार्न्समध्ये मोजली), धड ०, बेरीज ८. तीव्रता ३, अडथळा १, जाणीव ०. मुलीच्या मते जेवताना घास सांडतो. बार्न्स: दिसणारी २, जाणीव २, त्रास २, एकूण ३. कोपरांत ताठरपणा नाही. आत्महत्येचे विचार विचारले, नाहीत. संभाव्य टीडी, अकॅथिशिया, डोस वाढीनंतर."

शामक कधी घेतलं हे लिहायलाच हवं. लोराझेपाम घेऊन आलेल्या रुग्णात दोन्ही त्रास कमी दिसू शकतात. व्हिडिओ काढायचा असेल तर लेखी संमती घ्या, तो फाइलशी जोडा, स्वतःच्या फोनवर ठेवू नका.

काहीच सापडलं नाही तरी सातही शून्यं लिहा. 'टीडी नाही' यातून जीभ बघितली की नाही हे कळत नाही.

१०. पुन्हा कधी

औषध सुरू करण्याआधी एकदा. तो पाया नसेल तर पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ देणं कठीण. त्यानंतर प्रत्येक भेटीत नजरेने, आणि पूर्ण स्केल वर्षातून निदान एकदा. वय ५५ च्या पुढे, स्त्री, मूड डिसऑर्डर, किंवा सुरुवातीलाच ताठरपणा वा अकॅथिशिया झालेला रुग्ण असेल तर दर सहा महिन्यांनी. औषध बदललं वा कमी केलं की वेळापत्रकाची वाट बघू नका. गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांपर्यंत आणि डेपो थांबवल्यावर आठ आठवड्यांपर्यंत टीडी पहिल्यांदा दिसू शकतो. थांबवल्यावर आलेली हालचाल साधारण याच काळात ओसरली, तर ती बहुधा औषध सोडल्याची होती. त्यामुळे थांबवल्याची तारीख नोंदीत असली पाहिजे.

वरच्या केसमध्ये पुढची भेट चार आठवड्यांनी, पुढच्या इंजेक्शनच्या नवव्या दिवसाच्या आसपास, सकाळीच ठेवा. डेपोची पातळी महिनाभर सारखी नसते, म्हणून नवव्या दिवसाची तुलना सत्ताविसाव्या दिवसाशी करू नका. टीडी टिकाऊ आहे का हे ठरवणारी तपासणी तीन महिन्यांनी, शक्यतो त्याच तपासनिसाकडून. त्याआधी कवळी नीट बसवून घ्यायला दंतवैद्याकडे पाठवा.